ओटीतली वीज गेली: प्रशासनाला ई-मेल कसा लिहायचा

शस्त्रक्रिया चालू असताना ओटीतली वीज गेली, जनरेटर वेळेवर आला नाही, आणि आता प्रशासनाला लेखी कळवायचं आहे. देखभाल विभागाच्या प्रमुखपदी नव्याने आलेला माणूस अशा वेळी बहुधा दोन टोकांपैकी एक गाठतो. एक तर 'तांत्रिक बिघाडामुळे काही काळ वीजपुरवठा खंडित झाला होता, आता सुरळीत आहे' एवढी ओळ पाठवून मोकळा होतो, नाही तर पॅनेलमधल्या रिलेपर्यंतचं सगळं पुराण लिहितो. पहिला मेल वाचून काही कळत नाही आणि दुसरा कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

मेल उघडणाऱ्या वैद्यकीय अधीक्षकांना त्या क्षणी एकच गोष्ट ठरवायची असते: दुपारच्या यादीतल्या शस्त्रक्रिया होऊ द्यायच्या की थांबवायच्या? त्यांना विजेतलं कळावं अशी अपेक्षा नाही, पण हा निर्णय त्यांचाच आहे आणि त्यासाठी लागणारी माहिती फक्त तुमच्याकडे आहे. म्हणून मेलमधली प्रत्येक ओळ या एका प्रश्नाकडे नेणारी हवी. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने मांडल्या आहेत, आणि त्यासाठी एक नमुना घटना घेतली आहे.

आधी एवढं वेगळं करा

बाहेरची वीज जाणं ही तुमची घटना नव्हे. ती जाणारच असं धरून रुग्णालयाची रचना केलेली असते. घटना म्हणजे ती गेल्यावर तिची जागा घेणाऱ्या गोष्टींनी जागा घेतली नाही.

ओटीत ही जागा दोन थरांत भरली जाते. पहिला थर यूपीएसचा. ओटीचा दिवा आणि दुर्बिणीच्या दिव्यासारखे ज्यांच्यावाचून काम अडेल असे दिवे यांच्यासाठी आयईसी 60364-7-710 हे आंतरराष्ट्रीय मानक अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा परत यावा असं सांगतं, आणि इतक्या लवकर कुठलाही डिझेल जनरेटर सुरू होत नाही. दुसरा थर जनरेटरचा. तो सुरू होऊन, व्होल्टेज स्थिरावून, चेंजओव्हर म्हणजे भार जनरेटरवर वळणं होईपर्यंत साधारण 10 ते 15 सेकंद जातात. तेवढा वेळ यूपीएसने ओढायचा, पुढचं जनरेटरने बघायचं. एक थर कोसळला तर दुसरा बरंचसं सांभाळून घेतो. ओटी काही मिनिटं अंधारात राहिली याचा अर्थ दोन्ही थर एकाच दिवशी कोसळले. तुमच्या मेलने दोघांचा हिशेब वेगवेगळा द्यायला हवा. 'जनरेटर उशिरा आला' एवढंच लिहिलंत तर वाचणारा जनरेटर दुरुस्त करून घेईल आणि यूपीएस तसाच राहील.

नमुना घटना

सकाळी पावणेअकराच्या सुमाराला मेन्स गेली. ओटी-2 मध्ये दुर्बिणीची शस्त्रक्रिया चालू होती. यूपीएसने भार घेतला, त्यामुळे आत कुणाला काही जाणवलं नाही. जनरेटरच्या कंट्रोलरने तीनदा क्रँक केलं, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवून पाहिलं, पण ते पेटलं नाही आणि कंट्रोलर 'फेल टू स्टार्ट' दाखवून थांबला. हे सगळेच कंट्रोलर असं करतात. ठरलेले प्रयत्न संपले की माणूस येऊन रीसेट करीपर्यंत ते गप्प बसतात. इलेक्ट्रिशियन धावत जनरेटर रूममध्ये गेला, स्टोअरमधल्या चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणून जोडल्या आणि इंजिन सुरू केलं. तोवर यूपीएस संपला होता. अर्धा तास चालेल असं ज्याच्या दारावर लिहिलं होतं तो यूपीएस साडेचार मिनिटंही टिकला नव्हता. ओटीचा दिवा आणि दुर्बिणीचा कॅमेरा दोन्ही बंद.

पायरी 1: पुरावा पुसू देऊ नका

वीज परत आल्यावर प्रत्येकाची पहिली इच्छा असते अलार्म बंद करण्याची. रीसेट करण्याआधी कंट्रोलर, यूपीएस आणि चेंजओव्हर पॅनेल या तिघांच्या स्क्रीनचे फोटो काढायला सांगा. काही यूपीएसच्या नोंदवहीत मोजक्याच नोंदी मावतात आणि नव्या नोंदी जुन्यांना ढकलून देतात. संध्याकाळपर्यंत छोटेमोठे अलार्म येत राहिले तर सकाळची नोंद गायब झालेली असते.

काढलेल्या बॅटऱ्या फेकू नका आणि परत चार्जरलाही लावू नका. चार्ज झालेली खराब बॅटरी व्होल्टमीटरवर अगदी ठणठणीत दिसते, आणि मग 'बॅटरीत काही दोष नव्हता' असा अहवाल कुणीतरी देऊन जातो. त्यांवर चिठ्ठी चिकटवून बाजूला ठेवा.

पायरी 2: घड्याळं जुळवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण नव्या माणसाचा मेल सर्वांत जास्त वेळा इथेच फसतो. कंट्रोलरचं घड्याळ एक सांगतं, यूपीएसचं दुसरं, आणि ओटीच्या रजिस्टरमध्ये भिंतीवरच्या घड्याळाची वेळ असते. तिन्ही वेळा एका तक्त्यात तशाच उतरवल्या की जनरेटर वीज जाण्याच्या आधीच सुरू झाला असं हास्यास्पद चित्र तयार होतं, आणि मग बाकीच्या मेलवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

उपाय सोपा आहे. मोबाइलवरची वेळ आणि यंत्राचा स्क्रीन एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. फरक कळला की सगळ्या नोंदी मोबाइलच्या वेळेत बदलून घ्या. आपल्या घटनेत यूपीएसचं घड्याळ 2 मिनिटं 22 सेकंद पुढे होतं आणि जनरेटरच्या कंट्रोलरचं 3 मिनिटं 44 सेकंद मागे. यूपीएसने मेन्स गेल्याची वेळ 10:49:32 नोंदवली होती, म्हणजे खरी वेळ 10:47:10. कंट्रोलरने तीच गोष्ट 10:43:28 ला नोंदवली होती, म्हणजे 10:47:12. दोन सेकंदांचा फरक उरला. तो चूक नाही. मेन्सचा क्षणिक झटका आणि खरंच वीज जाणं यांत फरक करायला कंट्रोलर थोडा थांबतो. असा मेळ बसला की समजा तुमचा तक्ता भरवशाचा आहे. फरक मिनिटाच्या घरात राहिला तर कुठेतरी बेरीज-वजाबाकी उलटी झाली आहे.

माणसांनी सांगितलेल्या वेळा तक्त्यात घ्या, पण त्यांपुढे 'अंदाजे' लिहा. धावत गेलेला इलेक्ट्रिशियन 'एका मिनिटात पोहोचलो' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण तो सेकंदही मोजत नसतो.

पायरी 3: ओटीत जाऊन विचारा

पॅनेलवर वीज आली म्हणजे ओटीत आली असं नव्हे. आपल्या घटनेत चेंजओव्हर 10:54:02 ला झाला, पण पूर्ण रिकामा झालेला यूपीएस पुन्हा उभा राहून त्याने पुढे पुरवठा द्यायला आणखी 18 सेकंद घेतले. जनरेटर रूममध्ये बसून मेल लिहिला असता तर हे सुटलं असतं. ओटी प्रभारी सिस्टरांना आणि भूलतज्ज्ञांना भेटा आणि एकेक यंत्राचं नाव घेऊन विचारा: हे बंद पडलं का, केव्हा, परत आपोआप सुरू झालं की हाताने करावं लागलं?

उत्तरं बहुधा सारखी नसतात. भूल देण्याच्या यंत्राला आणि रुग्णाच्या मॉनिटरला स्वतःची बॅटरी असते, म्हणून ती चालू राहतात. दिवा, कॅमेरा आणि रक्तस्राव थांबवणारी कॉटरी यूपीएसवर असतात, ती यूपीएसबरोबर जातात. सक्शनची गोष्ट निराळी. मध्यवर्ती व्हॅक्यूम पंप एवढा मोठा असतो की तो यूपीएसवर ठेवत नाहीत, थेट जनरेटरवर असतो. म्हणजे आपल्या घटनेत तो वीज गेल्या क्षणापासून बंदच होता आणि ओटीतलं सक्शन टाकीतल्या शिल्लक दाबावर चाललं होतं. ओटीत गाळलेली हवा सोडणाऱ्या एएचयूचंही तसंच. तो थांबला की ओटीतली हवा बाहेर ढकलणारा दाब जातो आणि दार उघडलं की कॉरिडॉरमधली हवा आत येऊ शकते. हे दोन परिणाम अंधार होण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते आणि ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच ते मेलमध्ये हवेत.

इथे एक मर्यादा पाळायची. रुग्णावर काय परिणाम झाला हे तुम्ही लिहायचं नाही. 'रुग्णाला काहीही झालेलं नाही' हे वाक्य अशा मेलमध्ये फार वेळा दिसतं, लिहिणाऱ्याला दिलासा देण्यापलीकडे त्याचा उपयोग नसतो, आणि ते म्हणण्याचा अधिकार फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आहे. कुठलं यंत्र किती वेळ बंद होतं एवढं तुम्ही द्या. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, शस्त्रक्रियेचा तपशील यांतलं काहीही मेलमध्ये नको, कारण हा मेल पुढे कितीजणांकडे जाईल हे तुमच्या हातात नसतं.

ओटीत गेलाच आहात तर यूपीएसच्या सॉकेटना काय काय लावलं आहे तेही बघा. ही सॉकेट वेगळ्या रंगाची असतात आणि कायम चालू असतात, म्हणून हळूहळू तिथे हवं ते लागत जातं. आपल्या घटनेत रुग्णाला ऊब देणारं गरम हवेचं यंत्र आणि सलाइन गरम करणारं यंत्र, दोन्ही यूपीएसवर होती. बसवला तेव्हा यूपीएसवर क्षमतेच्या 40 टक्के भार होता, घटनेच्या वेळी नोंद 78 टक्क्यांची होती. भार दुप्पट झाला की बॅटरीचा वेळ निम्म्याहूनही कमी होतो. पण अर्ध्या तासाचे साडेचार मिनिटं होणं एवढ्यानेही समजत नाही, म्हणजे बॅटरीतही काहीतरी आहे. आणि हा 'काहीतरी' शब्द आपल्याला पुढच्या पायरीवर नेतो.

पायरी 4: कारण जेवढं तपासलं तेवढंच लिहा

मेल लिहिताना तुमच्याकडे तीन प्रकारची माहिती असते: मोजलेली, दिसलेली आणि वाटणारी. पहिल्या दोन लिहा. तिसरी 'तपासायचं आहे' या शीर्षकाखाली टाका. अशा मेलमधलं कारणाचं वाक्य पुढच्या प्रत्येक बैठकीत उद्धृत होतं, आणि चार दिवसांनी ते बदललं की सारवासारव केल्यासारखं वाटतं.

जनरेटरबाबत आपल्याकडे मोजमाप आहे. काढलेल्या बॅटऱ्यांचा संच 24 व्होल्टचा. नुसता ठेवला असता तो 25.4 व्होल्ट दाखवत होता, म्हणजे उत्तम. पण कंट्रोलरच्या नोंदीत क्रँकिंगच्या वेळी व्होल्टेज 13 पर्यंत कोसळलेलं दिसतं. स्टार्टर मोटर ओढायला लागल्यावर चांगला संच साधारण 19 व्होल्टच्या वर राहतो. 13 व्होल्टवर इंजिन जेमतेम कण्हतं, पेटत नाही. हे लिहायला हरकत नाही.

प्रशासनाचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे: दर आठवड्याला चाचणी होते ना, मग कळलं कसं नाही? तो विचारण्याआधीच उत्तर द्या. चाचणी होत होती आणि रजिस्टर भरलेलं होतं. पण चाचणी म्हणजे बटण दाबायचं, इंजिन सुरू झालं की 'ओके' लिहायचं आणि दहा मिनिटांनी बंद करायचं. क्रँकिंगचं व्होल्टेज लिहायला रकानाच नव्हता, त्यामुळे दर आठवड्याला थोडी थोडी मरत चाललेली बॅटरी शेवटच्या दिवसापर्यंत 'ओके' होती. शिवाय मेन्स कधी बंद केली जात नव्हती. म्हणजे चेंजओव्हरची परीक्षा झाली नाही आणि यूपीएसच्या बॅटरीवर तर कधी भार आलाच नाही. दोन्ही थरांचा दोष एकाच सोयीस्कर चाचणीने झाकला होता. हा मुद्दा मेलमध्ये दोन-तीन वाक्यांत आला पाहिजे, कारण नुसत्या बॅटऱ्या बदलून हा दोष जात नाही. नोंद कुणी ठेवली, कुणाची पाळी होती, ही नावं मात्र या मेलमध्ये नकोत.

यूपीएसबाबत आपल्याला भार माहीत आहे आणि टिकलेला वेळ माहीत आहे. बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यांतली एक जरी बसली तरी सगळी माळ बसते. तसंच झालं असावं अशी शंका येते, पण प्रत्येक बॅटरी भाराखाली मोजेपर्यंत ती शंकाच आहे.

पायरी 5: निर्णय मागा, आणि उरलेला धोका सांगा

सगळ्यांत अवघड परिच्छेद हाच. 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती' हे वाक्य आपल्या हातात इतकं बसलेलं आहे की ते आपोआप उमटतं. त्याने जबाबदारी समोरच्यावर ढकलली जाते, पण त्याला करायचं काय ते कळत नाही. त्याऐवजी सध्याची स्थिती, तुमची शिफारस आणि ती मानली तरी उरणारा धोका, या क्रमाने लिहा.

सध्याची स्थिती लिहिताना यूपीएसच्या बाबतीत एक चकवा आहे. वीज आल्यावर त्याचा हिरवा दिवा लागतो आणि सगळं पूर्ववत झाल्यासारखं दिसतं. पण रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरायला कित्येक तास लागतात, आणि ती आता किती वेळ टिकेल हे कुणालाच माहीत नसतं.

याच कारणासाठी एक गोष्ट घटनेच्या वेळीच करावी लागते आणि नंतर मेलमध्ये सांगावी लागते. मेन्स परत आली की पॅनेल काही मिनिटं थांबून भार आपोआप मेन्सवर घेतं. या फिरतीत क्षणभर खंड पडतो. एरवी तो यूपीएस झाकतो. बॅटरी रिकामी असेल तर ओटीत दुसऱ्यांदा अंधार होईल, तोही सगळं संपलं असं वाटत असताना. म्हणून मेन्स आल्याबरोबर पॅनेल मॅन्युअलवर घ्यायचं आणि चालू शस्त्रक्रिया संपेपर्यंत जनरेटर बंद करायचा नाही. आपल्या घटनेत मेन्स 11:26 ला आली, पण भार 12:40 ला, ओटी रिकामी झाल्यावरच, परत नेला.

पूर्ण मेल

विषयाच्या ओळीत घटना, ठिकाण, कालावधी आणि निर्णयाची गरज हवी. 'तातडीचे' हा शब्द एकट्याने काही सांगत नाही, सगळेच मेल तातडीचे असतात.

> विषय: ओटी-2 मध्ये शस्त्रक्रिया सुरू असताना 2 मिनिटे 50 सेकंद वीज खंडित; दुपारच्या यादीबाबत 2 वाजेपर्यंत निर्णय आवश्यक
>
> माननीय वैद्यकीय अधीक्षक,
>
> आज सकाळी 10:47 वाजता मेन्स पुरवठा गेला. जनरेटर आपोआप सुरू झाला नाही आणि तो हाताने सुरू होण्याआधी ओटीचा यूपीएस संपला. त्यामुळे ओटी-2 मधील दिवा, दुर्बिणीचा कॅमेरा व कॉटरी 10:51:30 ते 10:54:20 या काळात बंद होती. जनरेटर आता भरवशाचा आहे, यूपीएस नाही. म्हणून यूपीएसची चाचणी होईपर्यंत ओटी-1 व ओटी-2 मधील नियोजित शस्त्रक्रिया थांबवाव्यात अशी माझी शिफारस आहे.
>
> घटनाक्रम (सर्व वेळा एकाच घड्याळाशी जुळवून घेतल्या आहेत)
>
> 10:47:10 मेन्स गेली, यूपीएसने भार घेतला. व्हॅक्यूम पंप व एएचयू बंद.
> 10:47:15 ते 10:48:05 जनरेटरचे क्रँकिंगचे तीन प्रयत्न अयशस्वी, कंट्रोलर थांबला.
> 10:49 (अंदाजे) इलेक्ट्रिशियन जनरेटर रूममध्ये.
> 10:51:30 यूपीएस बंद. ओटी-2 मधील वरील उपकरणे बंद.
> 10:53:40 बॅटऱ्या बदलून जनरेटर सुरू.
> 10:54:02 भार जनरेटरवर.
> 10:54:20 ओटी-2 मध्ये पुरवठा पूर्ववत.
> 11:26 मेन्स परत. शस्त्रक्रिया सुरू असल्याने भार जनरेटरवरच ठेवला.
> 12:40 ओटी रिकामी झाल्यावर भार मेन्सवर.
>
> भूल देण्याचे यंत्र व मॉनिटर स्वतःच्या बॅटरीवर सुरू होते, असे ओटी प्रभारींनी सांगितले. व्हॅक्यूम पंप व एएचयू 10:47:10 ते 10:54:02, म्हणजे 6 मिनिटे 52 सेकंद, बंद होते. ओटी-1 त्या वेळी रिकामी होती. शस्त्रक्रियेवरील परिणामाची नोंद संबंधित डॉक्टर स्वतंत्रपणे देतील.
>
> कारण
>
> जनरेटर: स्टार्टिंग बॅटऱ्या निकामी. क्रँकिंगच्या वेळी व्होल्टेज 13 पर्यंत उतरल्याची नोंद आहे. साप्ताहिक चाचणी नियमित होत होती, परंतु तीत हे व्होल्टेज मोजले जात नव्हते व मेन्स बंद केली जात नव्हती. त्यामुळे हा दोष आणि यूपीएसचा दोष, दोन्ही आधी लक्षात आले नाहीत.
>
> यूपीएस: अपेक्षित 30 मिनिटांऐवजी 4 मिनिटे 20 सेकंद चालला. भार 78 टक्के होता, बसवताना तो 40 टक्के होता. एवढ्याने हा फरक पूर्णपणे स्पष्ट होत नाही. बॅटऱ्यांची भाराखाली तपासणी बाकी आहे.
>
> सध्याची स्थिती
>
> जनरेटरला नव्या बॅटऱ्या बसवल्या आहेत. भार मेन्सवर आल्यानंतर तीन वेळा सुरू करून पाहिले, क्रँकिंगचे सर्वांत कमी व्होल्टेज 21.2 आले. व्हॅक्यूमचा दाब व एएचयू पूर्ववत आहेत. दोन्ही ओटींतील वायरिंगच्या इन्सुलेशनमधला दोष दाखवणाऱ्या मॉनिटरवर अलार्म नाही. गरम करणारी दोन यंत्रे यूपीएसवरून काढून जनरेटरच्या सॉकेटवर लावली आहेत. यूपीएस सुरू आहे, परंतु त्याची बॅटरी किती वेळ टिकेल हे आज सांगता येत नाही.
>
> निर्णयासाठी
>
> 1. नियोजित शस्त्रक्रिया यूपीएसची चाचणी होईपर्यंत थांबवाव्यात. आज संध्याकाळी 6 ते 8 दोन्ही ओटी रिकाम्या मिळाल्यास चाचणी करून रात्री 9 पर्यंत निकाल कळवतो.
> 2. तोपर्यंत अत्यावश्यक शस्त्रक्रिया करावी लागल्यास सुरू होण्याआधी आम्हाला कळवावे. जनरेटर आधीच सुरू करून ओटीचा भार त्यावर घेऊ, जनरेटर रूममध्ये एक माणूस थांबेल आणि ओटीत बॅटरीवरचा फिरता दिवा ठेवू. तरीही जनरेटर मध्येच बंद पडल्यास भार मेन्सवर जाताना काही सेकंदांचा खंड पडू शकतो. हा धोका आज पूर्णपणे टाळता येणार नाही, तो भूलतज्ज्ञ व शल्यचिकित्सकांना कळवावा.
> 3. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलाव्या लागल्यास तातडीच्या खरेदीची मंजुरी लागेल. प्रस्ताव चाचणीच्या निकालासोबत देतो.
>
> मी रुग्णालयातच आहे. स्क्रीनचे फोटो व कंट्रोलरच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.
>
> आपला,
> प्रमुख, देखभाल विभाग

पहिला परिच्छेद पुन्हा वाचून बघा. अधीक्षकांनी मोबाइलवर फक्त तेवढाच वाचला तरी त्यांना काय झालं, आता काय बिनभरवशाचं आहे आणि काय करायला सांगितलंय हे कळतं. खालचं सगळं ज्याला हवं त्याच्यासाठी आहे.

मेल अधीक्षकांच्या नावे जाईल. प्रशासकीय अधिकारी, भूल विभागाचे प्रमुख, ओटी प्रभारी आणि गुणवत्ता विभाग यांना प्रत. यापलीकडे यादी वाढवू नका. जनरेटर किंवा यूपीएसची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराला या मेलची प्रत तर मुळीच नको. त्याला फक्त तांत्रिक भाग वेगळ्या मेलने कळवा. आणि मेल पाठवला म्हणून सांगणं झालं असं समजू नका. एवढ्या घाईच्या निर्णयासाठी आधी फोन करायचा, मग 'आत्ता बोललो तेच लेखी पाठवतोय' म्हणून मेल.

पाठवल्यानंतर

संध्याकाळच्या चाचणीत ओटीतली नेहमीची उपकरणं चालू ठेवून यूपीएसची मेन्स बंद करायची आणि दर मिनिटाला प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज लिहायचं. 12 व्होल्टच्या बॅटऱ्यांमध्ये बाकीच्या 12 च्या आसपास असताना एखादी 10 च्या खाली घसरली तर दोषी सापडली. तिथेच थांबायचं, ताणत बसायचं नाही. एकच खराब निघाली तरी, बॅटऱ्या जुन्या असतील तर पूर्ण माळ बदलायचा प्रस्ताव द्या. जुन्यांमध्ये एक नवी घातली की चार्जिंग असमान होतं आणि काही महिन्यांत पुन्हा हीच वेळ येते. संध्याकाळपर्यंत बॅटरी पूर्ण भरलेली नसेल हेही लक्षात घ्या. या चाचणीत वेळ कमी आला तर त्यावरून बॅटरी वाईट ठरत नाही. एखादी बाकीच्यांपेक्षा लवकर कोसळते का, हे बघायचं असतं. पूर्ण वेळेची चाचणी रात्रभर चार्ज झाल्यावर पुन्हा करावी लागते.

निकालाचा मेल त्याच धाग्यात, पहिल्या मेलला उत्तर म्हणून पाठवा. त्यात पहिल्या मेलमधल्या 'तपासणी बाकी आहे' या वाक्याचं उत्तर पहिल्या ओळीत द्या: 'यूपीएसच्या 20 बॅटऱ्यांपैकी 2 भाराखाली कोसळल्या, बदल होईपर्यंत दुपारची शिफारस कायम.' पहिल्या मेलमधली एखादी वेळ किंवा आकडा चुकलेला आढळला तर तोही इथेच दुरुस्त करा, काय लिहिलं होतं आणि काय बरोबर आहे ते शेजारी शेजारी देऊन. पाठवलेल्या मेलची सुधारित आवृत्ती गुपचूप फिरवली की दोन्ही आवृत्त्या संशयास्पद होतात.

चाचणीच्या पद्धतीतला बदल मात्र या धाग्यात अडकवू नका, तो चार दिवसांनी वेगळ्या प्रस्तावात जाऊ द्या. आठवड्याच्या चाचणीत क्रँकिंगच्या व्होल्टेजचा रकाना, महिन्यातून एकदा ओटी रिकामी असताना मेन्स खरोखर बंद करून जनरेटर निदान 30 टक्के भारावर अर्धा तास चालवणं, आणि त्याच वेळी यूपीएस किती टिकतो याची नोंद. महिन्याच्या चाचणीची तारीख ओटी प्रभारींसोबत बसून ठरवा. त्यांच्या वेळापत्रकात ती जागा मिळाली नाही तर इलेक्ट्रिशियन पुन्हा बटण दाबून 'ओके' लिहायला लागतो.